ई-वे बिल ब्लॉक, माल लोड होऊन उभा – मदत हवी आहे

पुठ्ठावाला: सकाळी बिल काढायला गेलो तर पोर्टल म्हणतंय रिटर्न भरलेले नाहीत म्हणून ब्लॉक. आमचा अकाउंटंट ऑगस्टमध्ये सोडून गेला, जुलै-ऑगस्ट दोन्हींचे विक्रीचे रिटर्न आर-वन पेंडिंग दिसतायत पण टॅक्सचं चलान मी स्वतः वेळेत भरलंय दोन्ही महिन्यांचं, मग ब्लॉक कसं? आज 22 सप्टेंबर, दोन गाड्या गेटवर उभ्या आहेत.

गाडीमालक: ट्रान्सपोर्टरच्या लॉगिनने काढा ना, आम्ही कितीदा काढून देतो.

जुनी_खातेवही: नाही निघणार. ब्लॉक माल पाठवणाऱ्याच्या जीएसटी नंबरवर असतो, बिल कोणीही काढलं तरी अडतंच. तुमच्याकडे येणारा माल मात्र अडत नाही.
पुठ्ठावाला, चलान भरलं म्हणजे रिटर्न भरलं असं नसतं हो. पैसे कॅश लेजरमध्ये नुसते पडून आहेत, टॅक्सचं रिटर्न थ्री-बी फाईल करताना ते वळते होतात. तिथे स्टेटस काय दिसतंय?

पुठ्ठावाला: थ्री-बी पण दोन्ही नॉट फाईल्ड 😣

वसुली_वाले: ऑफिसरकडे EWB-05 चा अर्ज टाका, त्याशिवाय उघडत नाही.

जुनी_खातेवही: तो अर्ज रिटर्न भरायच्या आधीच सूट हवी असेल तर, आणि ती द्यायची की नाही हे ऑफिसर ठरवणार. इथे भरणंच सोपं. आधी जुलैचा आर-वन, मग जुलैचा थ्री-बी, क्रम चुकवला तर पोर्टल पुढे जाऊच देत नाही. घाईत बिलं राहून जाऊ देऊ नका, ओटीपी जुन्या अकाउंटंटच्या मोबाईलवर जात नाही ना ते आधी बघा. ब्लॉक दोन महिने थकल्यावर लागतो, त्यामुळे जुलै क्लिअर झाला की एकच उरतो आणि ब्लॉक निघायला हवा. ऑगस्ट संध्याकाळी भरा, पण भरा.

प्लास्टिकवाली: माझं पार्ट-बी मध्ये गाडी नंबर बदलत नाहीये, हेच कारण का?

जुनी_खातेवही: नाही ताई, आधी काढलेल्या बिलात गाडी बदलता येते ब्लॉक असला तरी. वेगळा धागा काढा.

पुठ्ठावाला: जुलैचे दोन्ही झाले, दीड तास लागला, नंबर खरंच जुन्या माणसाचाच निघाला पण तो भला, ओटीपी सांगितला. बिल अजून निघत नाही!!

जुनी_खातेवही: आपोआप व्हायला दुसरा दिवस लागू शकतो. ई-वे बिल साईटवर Search मध्ये Update Block Status आहे, तिथे जीएसटी नंबर टाकून अपडेट करा. आणि जुलैची लेट फी ऑगस्टच्या थ्री-बीत येईल, 33 दिवसांचे रोज 50 म्हणजे 1650, तेवढे लेजरमध्ये जास्तीचे टाका. पैसे मुदतीआधी लेजरमध्ये असतील तर तेवढ्यावर व्याज लागत नाही.

पुठ्ठावाला: निघालं!! पहिली गाडी सुटली. नंबर बदलायचं बघतो आता. पण पार्टी म्हणतेय जुलैचं क्रेडिट आम्हाला दिसलं नाही म्हणून पेमेंटमधून टॅक्स कापलाय, तो परत मागू का?

वसुली_वाले: सप्टेंबरच्या क्रेडिटच्या यादीत, टू-बीत दिसेल त्यांना, तेव्हा मागा.

प्लास्टिकवाली: आमच्या पार्टीने दिसल्यावर पण दिला नव्हता.