मदत हवी आहे: डाळ मिलचं काम, प्रिन्स टू, आणि संचालकांना नेमकं कधी कळवायचं?

तुरीचा_हिशेब

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या डाळ मिलचं काम मी पाहतो. मागे नागपूरला पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेचा क्लास केला होता, त्यामुळे डोक्यात त्यातलं पीएमबॉक हे पुस्तक बसलंय. आता ज्या संस्थेने निम्मे पैसे दिलेत ती म्हणते, काम प्रिन्स टू या प्रकल्प चालवायच्या दुसऱ्या पद्धतीने चालवा.

आमचा चालू टप्पा शेड आणि वीज जोडणीचा. बजेट 22 लाख, टॉलरन्स, म्हणजे वर खर्च करायची मुभा, 5 टक्के, म्हणजे 1 लाख 10 हजार. टप्पा संपायची तारीख 30 नोव्हेंबर, वर दोन आठवड्यांची मुभा. आज 16 नोव्हेंबर. वीज जोडणीचा कंत्राटदार म्हणतो, ट्रान्सफॉर्मर 10 जानेवारीआधी बसत नाही. तोवर भाड्याचा जनरेटर आणि वायरिंग मिळून 95 हजार लागतील. ते 1 लाख 10 हजारांच्या आत बसतात, म्हणून मी ठरवून टाकू का? की 14 डिसेंबरपर्यंत थांबून मग मीटिंग बोलावू? आजवर प्रत्येक बारीक गोष्टीला मीटिंग घेतली, दहाही संचालक माझ्यावर वैतागलेत. शिवाय पीएमबॉकमध्ये हे सगळं आहेच ना, मग वेगळं काय?

वऱ्हाडी_बावा

भाऊ, टप्प्याचं काय घेऊन बसले? आमच्या गोदामाच्या अनुदानाचा दुसरा टप्पा आठ महिन्यांपासून अडकून राह्यला. फोटो अपलोड केले, जिओ टॅग केलं, तरी 'त्रुटी' म्हणून फाईल वापस. तुमचा हप्ता कोणाकडून येते ते पहिले सांगा.

तुरीचा_हिशेब

बावा, हा हप्त्याचा टप्पा नाही, कामाचा टप्पा आहे. पण तुमचं दुःख कळलं.

पीएमपी_अकोला

दोन्ही एकच आहे हो. एक अमेरिकन, एक ब्रिटिश. प्रिन्स टूमध्ये कागद जास्त, एवढाच फरक. पीएमबॉकच्या 49 प्रोसेस नीट पाळल्या तर प्रिन्स टूची गरजच नाही. कॉस्ट प्लॅनमध्ये थ्रेशोल्ड लिहून ठेवा, ओलांडलं की स्पॉन्सरला कळवा. झालं.

नेरपिंगळाई_ताई

थ्रेशोल्डचं बरोबर आहे, बाकी अर्धंच. 49 प्रोसेस 2017 च्या सहाव्या आवृत्तीत होत्या. 2021 च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणी सोडून 12 तत्त्वं आणली. आणि पीएमबॉक हा मार्गदर्शक आहे. काय काय करता येतं, कोणती साधनं आहेत, ते तो सांगतो. तुमच्या कामात निर्णय कोणी, कधी घ्यायचा हे तुम्हीच ठरवायचं. प्रिन्स टू तिथे हात धरून बसवतं: प्रोजेक्ट बोर्डात एक एक्झिक्युटिव्ह, एक वापरणाऱ्यांच्या बाजूचा, एक पुरवणाऱ्यांच्या बाजूचा. टप्प्याचे पैसे बोर्ड मंजूर करतं, मर्यादा घालून देतं, आणि मग तुम्हाला मोकळं सोडतं. मर्यादेत आहात तोवर मीटिंग नाही, ठरलेल्या मुदतीने एक पानाचा हायलाइट रिपोर्ट पुरतो. दहा जणांना दर वेळी बोलावताय, ते वैतागणारच.

आता तुमचा प्रश्न. 14 डिसेंबरपर्यंत थांबायचं नाही. मर्यादा ओलांडल्यावर नाही, ओलांडली जाणार असं दिसल्याबरोबर एक्सेप्शन रिपोर्ट जातो. 10 जानेवारी ही तारीख तुम्हाला आज कळली, म्हणजे रिपोर्ट आज. खर्च आत बसला तरी वेळ बाहेर गेली. एक मर्यादा फुटली तरी पुरे.

आणि खर्च तरी खरंच आत बसतो का? शेडमध्ये आधी काही वाढलं होतं?

तुरीचा_हिशेब

हो... लोखंडाचा भाव चढला, तिथे 40 हजार जास्त गेले. ते 'झालं गेलं' म्हणून सोडून दिलं होतं.

नेरपिंगळाई_ताई

तिथेच फसगत होते. टॉलरन्स अख्ख्या टप्प्याचं असतं, प्रत्येक खर्चाला नवं मिळत नाही. 40 आणि 95 मिळून 1 लाख 35 हजार. दोन्हीकडून बाहेर आहात.

जनरेटरचं डिझेल कुठे धरलंय?

तुरीचा_हिशेब

कुठेच नाही. हंगामाला वीजबिलापेक्षा अंदाजे 1 लाख 20 हजार जास्त जातील.

नेरपिंगळाई_ताई

ते टप्प्याच्या खर्चात टाकू नका, तो मिल चालवण्याचा खर्च आहे. पण बिझनेस केसमधून, म्हणजे हे काम परवडतं का या हिशेबातून, तो सुटत नाही, फायदा तेवढा कमी होतो. तुमची बिझनेस केस काय म्हणते?

तुरीचा_हिशेब

पहिल्या हंगामात 1,200 क्विंटल तूर, क्विंटलमागे 500 रुपये जास्त, म्हणजे 6 लाख. ट्रान्सफॉर्मरनंतर चाचणीला तीन आठवडे, म्हणजे फेब्रुवारी उजाडतो. तोवर निम्मी तूर खेडा खरेदीत गेलेली असते. राहिले 3 लाख.

नेरपिंगळाई_ताई

मग दोन पर्याय समोर आले. थांबलात तर 3 लाख. जनरेटर घेतलात तर 6 मधून डिझेलचे 1.20 आणि जनरेटरचे 0.95 वजा, उरले 3 लाख 85 हजार. फरक 85 हजारांचा, तोही 'निम्मी तूर जाते' हा अंदाज खरा ठरला तर. रिपोर्टमध्ये हे असंच लिहा. शिफारस तुमची, निर्णय बोर्डाचा. बोर्ड मर्यादा वाढवून देईल, नाहीतर एक्सेप्शन प्लॅन मागेल. हा प्लॅन मंजूर झाला की चालू टप्प्याच्या प्लॅनची जागा घेतो. पटलं नाही तर बोर्ड कामही थांबवू शकतं.

पीएमबॉकमध्येही बिझनेस केस असते, पण ती प्रकल्पाआधीचा कागद म्हणून येते. प्रिन्स टूमध्ये दर टप्प्याच्या शेवटी आणि अशा प्रसंगी ती उघडून 'अजून परवडतं का' विचारावंच लागतं.

वऱ्हाडी_बावा

म्या एक विचारू? लोकं तूर काऊन विकते? मिल बंद आहे म्हणून नाही, पैसा पाहिजे म्हणून. आमच्याइकडे बाजार समितीत तूर तारण ठेवते. किमतीच्या 75 टक्के कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस. माल थांबते, माणूसही थांबते.

नेरपिंगळाई_ताई

बावा, हा तिसरा पर्याय झाला, आणि जनरेटरपेक्षा स्वस्त असू शकतो. ट्रान्सफॉर्मर उशिरा आला तरी तूर टिकली तर फायदा बऱ्यापैकी टिकतो. मात्र वेळेची मर्यादा तरीही फुटतेच, रिपोर्ट चुकत नाही.

पीएमपी_अकोला

हे सगळं ठीक, पण दहा संचालकांच्या कंपनीत तिघांचं बोर्ड केलं तर उरलेले सात रुसतील. पुस्तकात हे नसतं.

नेरपिंगळाई_ताई

खरंय. माझ्या कामात आम्ही संचालक मंडळाला वरची पायरी मानली. अख्ख्या प्रकल्पाची मर्यादा धोक्यात आली तरच त्यांच्याकडे जायचं, टप्प्याचं तिघांतच. तरी एक जण रोज फोन करायचाच.

तुरीचा_हिशेब

रिपोर्ट आज रात्री पाठवतो, तिन्ही पर्यायांसह. अडचण तारणाची आहे: जवळच्या समितीच्या गोदामात जागा आहे का ते उद्या जाऊन पाहतो. दुसरं, पुरवणाऱ्यांच्या बाजूने बोर्डात त्याच कंत्राटदाराला बसवायचं का? उशीर त्याचाच, आणि तारीखही तोच सांगणार.

वऱ्हाडी_बावा

त्याले बसवा, पण त्याच्या तारखेवर भरोसा ठेवू नका.

नेरपिंगळाई_ताई

यावर माझंही मत पक्कं नाही. आमच्याकडे मशिनरीवाला बसला होता, वीजवाला नाही. कोणी बसवला असेल तर सांगा.