फारसी इजाफतीची माळ इंग्रजीत: चार 'ऑफ' चालतील की शब्दांची उतरंड?

पेठेतला अनुवादक (धागाकर्ता): इराणी कागदपत्रं इंग्रजीत करून देण्याचं काम दोन वर्षं करतोय. परवा एका निविदेत इजाफतीची, म्हणजे शब्द जोडणाऱ्या 'ए'ची, ही माळ आली: तर्ह-ए बाज़साज़ी-ये साख़्तमान-ए क़दीमी-ये केताबख़ाने-ये मरकज़ी-ये दानेशगाह. मी लिहिलं, 'युनिव्हर्सिटी ओल्ड सेंट्रल लायब्ररी बिल्डिंग रिनोव्हेशन प्लॅन'. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून चार 'ऑफ' घातले. मला ते वाचवत नाही. माझं खरंच चुकलं का?

दक्षिणायन: अजिबात चुकलं नाही. फारसी शेपटाकडून वाचायची, की झालं. मराठीत करून बघा: 'विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीच्या नूतनीकरणाचा आराखडा'. शब्द न शब्द उलट्या क्रमाने जागेवर बसला. इंग्रजीतही विशेषण नामाच्या आधीच येतं, मग तीच उलटापालट तिथे का चालू नये? चार 'ऑफ' म्हणजे आगगाडीचे डबे.

ताथवडे ते तेहरान: दक्षिणायन, अर्धं बरोबर आहे. पण मराठीत ही उलटापालट चालते ती 'च्या'मुळे. 'ग्रंथालयाच्या' संपल्यावर 'जुन्या' येतो, म्हणून जुनी आहे ती इमारत, हे कानालाच कळतं. धागाकर्त्याच्या इंग्रजीत मधला सांधाच उडालाय. 'ओल्ड सेंट्रल लायब्ररी बिल्डिंग' वाचणारा ग्रंथालयच जुनं समजेल. विद्यापीठाने मध्यंतरी नवं ग्रंथालय बांधलं असेल, तर ठेकेदार 'कुठलं जुनं?' असं विचारणार. फारसीत ही शंका नाही, कारण 'क़दीमी' हा 'साख़्तमान'ला चिकटून आणि 'केताबख़ाने'च्या आधी आलाय. ग्रंथालय जुनं असतं तर 'साख़्तमान-ए केताबख़ाने-ये क़दीमी' असं आलं असतं. म्हणजे मूळ स्पष्ट होतं आणि तुम्ही ते गढूळ केलंत.

मी असं करेन: 'प्लॅन टु रिनोव्हेट दि ओल्ड बिल्डिंग ऑफ द युनिव्हर्सिटीज सेंट्रल लायब्ररी'. 'बाज़साज़ी' हे क्रियेचं नाम आहे आणि इमारत हे त्याचं कर्म. तिथे 'ऑफ' कशाला, सरळ क्रियापद करा. 'दानेशगाह' मालक आहे, त्याला षष्ठी द्या. उरतो एकच 'ऑफ', आणि तो नेमका जुन्याचा घोळ जिथे झाला असता तिथे बसतो. तपासणाऱ्या बाईंचा अर्थ बरोबर होता, कान तेवढा नव्हता.

गझलवेडा: एवढा काथ्याकूट कशाला? 'ए' म्हणजे 'चा'. दर्द-ए-दिल, मनाचं दुखणं. शेर-ए-पंजाब, पंजाबचा सिंह. मी मैफलीत निवेदन करतो तेव्हा सगळीकडे 'ऑफ' लावतो, आजवर कोणी हरकत घेतली नाही.

ताथवडे ते तेहरान: मग वजीर-ए-आजमचं काय कराल, 'मिनिस्टर ऑफ ग्रेट'? इथे 'ए'ने विशेषण जोडलंय. फारसीत मालक, विशेषण, कर्म, झालंच तर शहराचं नावसुद्धा त्याच एका 'ए'ने जोडतात. 'शहर-ए तेहरान' इंग्रजीत 'सिटी ऑफ तेहरान' होतं, पण 'कूह-ए दमावंद' म्हणजे 'माउंट दमावंद', तिथे 'ऑफ' येत नाही. 'ए' फक्त दोन शब्द जोडलेत एवढं सांगतो. नातं कोणतं, ते आपण ओळखायचं.

मोडीवाचक: थोडं विषयांतर. सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत. बुज़ुर्ग म्हणजे मोठं, ख़ुर्द म्हणजे लहान. विशेषण गावाच्या मागे राहिलं ही फारसी कागदांची खूण, 'ए' मात्र गळला. आपण रोज बिनइजाफतीची इजाफत बोलतो.

पेठेतला अनुवादक: गंमत आहे! पण माझी खरी अडचण तीच आहे, कागदावर 'ए' दिसतच नाही. वर मी लिहिले ते सगळे 'ए' माझ्या वाचनातले. ते चुकले तर?

ताथवडे ते तेहरान: दिसत नाहीतच. तुमच्या ओळीत फक्त 'केताबख़ाने'नंतर दिसू शकतो. तो शब्द न उच्चारल्या जाणाऱ्या 'हे' अक्षराने संपतो, म्हणून त्यावर बारकी हमज़ा देतात किंवा पुढे सुटा 'ये' लिहितात. झेरॉक्समध्ये ती हमज़ा हमखास पुसली जाते. 'बाज़साज़ी', 'क़दीमी', 'मरकज़ी' हे शब्द ई-ने संपतात, तिथे काहीच लिहीत नाहीत.

मी साखळी कुठे तुटते ते आधी शोधते. कर्मानंतरचा 'रा' आला, 'मध्ये'साठीचा 'दर' किंवा 'पासून'साठीचा 'अज़' असा शब्द आला, 'की'सारखा 'के' आला किंवा क्रियापद आलं, की माळ संपली. मग आतल्या पक्क्या जोड्या पेन्सिलीने गोल करते: 'केताबख़ाने-ये मरकज़ी' हा एक गोळा. विशेषण सहसा लगेच आधीच्या नामाचं असतं, पण गोळा पक्का असेल तर ते अख्ख्या गोळ्याला लागतं. 'ओताक़-ए ख़ाब-ए बोज़ोर्ग' म्हणजे मोठी बेडरूम. झोप मोठी नाही!

दक्षिणायन: मान्य, 'च्या'चं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण संस्थांच्या नावांत उतरंडच चालते ना? 'सेपाह-ए पास्दारान-ए एन्क़ेलाब-ए एस्लामी'चं प्रचलित इंग्रजी 'इस्लामिक रेव्होल्युशनरी गार्ड कोअर'. फारसीत 'एस्लामी' हे क्रांतीचं विशेषण आहे. इंग्रजीत ते क्रांतीचं की दलाचं, काही कळत नाही. तरी जग तेच वापरतं.

ताथवडे ते तेहरान: रूढ नाव असेल तर तेच वापरायचं, तिथे आपली हुशारी नको. तुमच्या कामात 'साज़मान-ए सब्त-ए अस्नाद व अम्लाक-ए केश्वर' वारंवार येत असेल. ते इंग्रजीत 'स्टेट ऑर्गनायझेशन फॉर रजिस्ट्रेशन ऑफ डीड्स अँड प्रॉपर्टीज'. शेवटचा 'केश्वर' म्हणजे देश, तो पहिल्या 'साज़मान'पाशी जाऊन 'स्टेट' झाला. शब्द नुसते उलटे लावले असते तर 'देशाची मालमत्ता' नोंदवणारं कार्यालय झालं असतं. पण निविदेतली ओळ म्हणजे नाव नव्हे, ते वर्णन आहे. तिथे उतरंडीला माझा विरोधच आहे.

पेठेतला अनुवादक: मग हे बघा, कालच आलंय. एका भत्त्याच्या नियमात 'मोदीरान व कारमंदान-ए बाज़नेशस्ते'. निवृत्त फक्त कर्मचारी, की व्यवस्थापकही?

ताथवडे ते तेहरान: दोन्ही अर्थ लागतात. 'रिटायर्ड मॅनेजर्स अँड एम्प्लॉईज' लिहिलंत तर इंग्रजीतही संदिग्धता राहते, पण ती नाही! इंग्रजीत 'फक्त व्यवस्थापक निवृत्त' हा अर्थ शिरतो, जो फारसीत नव्हता, आणि 'फक्त कर्मचारी निवृत्त' हा बाहेर जातो. पैशाचा मामला आहे, मी ग्राहकाला विचारेन.

दक्षिणायन: ग्राहक तरी काय सांगणार? नियम त्याने थोडाच लिहिलाय. मी मूळ शब्द तळटीपेत देईन आणि दोन्ही अर्थ नोंदवेन.

ताथवडे ते तेहरान: दाखला असेल तर तळटीप चालते. पण हाच नियम कोर्टात पुरावा म्हणून जाणार असेल, तर दोन अर्थ लिहिणारा अनुवादक त्याच्या वकिलाला नको असतो. तिथे मी अजून अडखळते.

पेठेतला अनुवादक: कोर्टातच जाणार आहे.