मदत हवी आहे: पहिलं ताकीदपत्र, एका वाक्यावर अडले आहे

दोन महिन्यांपूर्वी पॅकिंग विभागाची मॅनेजर झाले. अकरा वर्षं कायम असलेल्या एका कामगाराला लेखी ताकीद द्यायची आहे. सातची पाळी, आणि गेल्या महिन्यात सहा दिवस वीस ते चाळीस मिनिटं उशीर. दोनदा तोंडी सांगितलं, पण त्याची नोंद ठेवली नाही, ही चूक माझी.

पहिल्या मसुद्यात 'आपण वारंवार उशिरा येता' असं लिहिलं होतं. 'वारंवार' म्हणजे किती, असं तो विचारेल, म्हणून ते खोडून पंचिंगच्या तारखा आणि वेळा टाकल्या. 'बेजबाबदार वर्तन' हेही काढलं. ते माझं मत झालं, घटना नव्हे. 'यापुढे सुधारणा करावी' याऐवजी 'पाळी सुरू होण्यापूर्वी पंच करावे' असं लिहिलं.

अडलं आहे ते इथे: सहापैकी दोन दिवस आईच्या डायलिसिसचे होते. त्याने तसं मला आधी सांगितलं होतं आणि मी 'ठीक आहे' म्हटलं होतं. ते दोन दिवस यादीत ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. एचआर म्हणतं, लेखी परवानगी नाही, सहाही तारखा टाका.

युनियन नाही. त्याला काढायचं नाही, वेळेवर यावा एवढंच हवं आहे. पत्र शुक्रवारी द्यायचं आहे.

ज्यांनी अशी पत्रं दिली आहेत त्यांना विचारते: चारच तारखांवर ताकीद द्यावी, की आधी सहाही तारखांचा लेखी खुलासा मागवून मग ठरवावं?