उतारा फोटोतच राहिला, तरी उत्तर येतं म्हणे

शिकवणीवाला_दादर: सराव संचातला एक उतारा फोटोत होता. फोटो उघडत नाही म्हणून पालकांचे दिवसभर फोन. प्रश्न वाचा: (१) हॉटेलमालकाने राजूच्या कोणत्या मूलभूत हक्काचा भंग केला? (२) कलम २४ येथे लागू होते का? कारण द्या. (३) राजूच्या वडिलांना कुठे दाद मागता येईल? याला उतारा कशाला हवा? शोषणाविरुद्धचा हक्क, होय, सर्वोच्च न्यायालय. कलमं पाठ असली तर दोन मिनिटांचं काम आहे.

वकीलबाई_गिरगाव: सर, दुपारपासून तीनदा वाचलं आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते. तुमची तिन्ही उत्तरं चुकीची ठरू शकतात आणि ती कुठे चुकतील हे फक्त उताऱ्यावरून कळेल.

आधी राजूचं वय. कलम २४ चौदा वर्षांखालच्या मुलापुरतं आहे. राजू तेरा वर्षांचा असेल तर एक उत्तर, चौदा पूर्ण झाली असतील तर दुसरं. शिवाय त्या कलमात कारखाना, खाण आणि धोक्याची कामं आहेत, हॉटेल हा शब्द नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात बंदी असलेल्या कामांची यादी होती. रेल्वे फलाटांवर फिरून खाणं विकणं त्या यादीत पहिल्यापासून होतं. साधी हॉटेलं आणि धाबे मात्र ऑक्टोबर २००६ मध्ये आले. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला जवळपास कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. म्हणजे उताऱ्यात १९९५ साल असेल तर 'कारण द्या' मध्ये लिहायचं कारणही बदलतं.

आता राजू पंधरा वर्षांचा आहे असं धरा. कलम २४ गेलं. तो आता कायद्याच्या भाषेत किशोर आहे आणि हॉटेलात काम करू शकतो, पण संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही, आणि मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही. मालकाने त्याला रात्री अकरापर्यंत भांडी घासायला लावली तर कायदा मोडला, पण कलम २४ मोडलं नाही. अशा वेळी कलम ३२ धरून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, कारण तिथे मूलभूत हक्काचाच भंग दाखवावा लागतो. उच्च न्यायालयाची गोष्ट वेगळी, कलम २२६ खाली इतर कायदेशीर हक्कांसाठीही तिथे जाता येतं. बघा, प्रश्न तिसराही वयावरच लटकलाय.

आणि तिसरी शक्यता. पंधरा वर्षांच्या राजूला किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत असतील, तर कलम २४ नाही पण २३ लागतं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा वेठ आहे. वेठीला वयाची अट नाही. तेव्हा पहिल्याचं उत्तर तेच, दुसऱ्याचं 'नाही'. तुमच्या पाठ कलमांनी ही तीन मुलं एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची?

निवृत्त_मास्तर: बाई, त्याच १९८२ च्या निकालाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडलात. बांधकाम तेव्हाच्या बालकामगार कायद्याच्या यादीत नव्हतं, तरी ते धोक्याचं काम आहे आणि कलम २४ यादीवाचूनही चालतं असं न्यायालयाने म्हटलं. मग यादीत हॉटेल कधी आलं याला काय महत्त्व? १९९५ च्या राजूलाही कलम २४ लावता येईल. शिकवणीवाल्यांचं बरोबर आहे.

वकीलबाई_गिरगाव: पहिला भाग बरोबर आहे, माझ्याकडून सुटला. कलम २४ ला यादीचा टेकू लागत नाही. पण तिथून 'शिकवणीवाल्यांचं बरोबर' इथे कसे पोचलात? न्यायालयाने बांधकाम धोक्याचं का ते पाहिलं आणि मग ठरवलं. हॉटेलातलं काम धोक्याचं का, हे राजू काउंटरवर बिलं फाडतो की उकळत्या तेलाच्या कढईपाशी उभा असतो यावर ठरेल. ते उताऱ्यातच असणार. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तुमचा मुद्दा काहीच देत नाही.

निवृत्त_मास्तर: पंधराचं मान्य. कढईचंही मान्य करतो, नाइलाजाने. पण परीक्षेत एवढं कोण लिहितो?

भांडुपकर: मी तर कलम १५ धरून चाललो होतो. हॉटेलमालक आणि राजू म्हटल्यावर राजूला आत घेतलं नाही असंच वाटलं. माझ्याबरोबर हेच झालंय. साइटवरून थेट आलो होतो, कपड्यांना सिमेंट होतं. दाराशी उभ्या माणसाने अडवलं, आत टेबलं रिकामी दिसत होती. कलम १५ मध्ये हॉटेलांत प्रवेशाचं स्पष्ट लिहिलंय ना? मग दाद कुठे मागायची?

शिकवणीवाला_दादर: प्रश्न बालमजुरीचा आहे हो. दुसऱ्या प्रश्नात कलम २४ लिहिलंय, दिसत नाही का?

वकीलबाई_गिरगाव: यांना झिडकारू नका, त्यांनी तुमच्या प्रश्नातलं खरं भोक दाखवलंय. 'लागू होते का? कारण द्या' असं विचारणारा पुष्कळदा 'नाही' हेच उत्तर मनात धरून विचारतो. राजू तिथे कामाला नसून जेवायला आला असेल, जात विचारून त्याला हाकललं असेल, तर कलम १५(२), कदाचित अस्पृश्यतेविरुद्धचं १७ सुद्धा, आणि २४ मुळीच नाही. तुमचे तिन्ही प्रश्न त्या उताऱ्यालाही जसेच्या तसे बसतात.

भांडुपकर, तुमच्यासाठी वाईट बातमी आहे. १५(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं आहेत. कपडे नाहीत. जातीवरून अडवलं होतं असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

भांडुपकर: जात त्याने विचारली नाही. नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं, पण दाखवू कसं?

परळची_आई: मला कलमांतलं कळत नाही, पण फोटोबद्दल बोलायचंय. माझी मुलगी बारावीला आहे, तिला दिसत नाही. फोन तिला सगळं वाचून दाखवतो. टंकलेला मजकूर असला की झरझर ऐकते आणि माझ्याआधी उत्तर सांगते. फोटो आला की फोन म्हणतो 'चित्र', संपलं. तुमचा फोटो आज उघडला नाही म्हणून दिवसभर फोन आले, आमच्याकडे तो रोजच उघडत नाही. परीक्षेत लेखनिक मिळतो, तो उतारा वाचून दाखवतो. पण वर्षभर सराव तिने कशावर करायचा? उतारा मी वाचून दाखवायचा तर मी रात्री नऊला घरी येते.

शिकवणीवाला_दादर: ताई, मी एकटा माणूस. चाळीस पानांचा संच टंकत बसलो तर शिकवू कधी? कोणी ना कोणी नाराज होणारच.

परळची_आई: मी संच मागितलाच नाही. उतारा आठ ओळींचा असतो. प्रश्न टंकता, उतारा का नाही? जे मार्कांचं आहे ते टंकता आणि ज्यावर मार्क ठरतात ते चित्रात ठेवता.

लालबागचा_पोरगा: ताईंना माझा पाठिंबा. मला दिसतं, पण फोन जुना, जागा भरलेली. दोन आठवड्यांनी जुना फोटो उघडायला गेलं की 'पुन्हा पाठवायला सांगा' येतं. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाला सांगणार?

निवृत्त_मास्तर: आमच्या वेळी फळ्यावरचा उतारा मुलं वहीत उतरवून घ्यायची. उतरवताना अर्धा समजायचा. फोटोने ती सवय मोडली, हे माझं जुनं दुखणं आहे.

परळची_आई: मास्तर, फळा तरी तिला कुठे दिसला असता.

निवृत्त_मास्तर: चुकलो. खरंच चुकलो.

लालबागचा_पोरगा: मूळ प्रश्नावर एक. मी तेरा वर्षांचा असताना बाबांच्या वडापावच्या गाडीवर शाळा सुटल्यावर बसायचो. मग बाबांनी माझा हक्क मोडला? राजूचा हॉटेलमालक त्याचा बापच असेल तर?

वकीलबाई_गिरगाव: २०१६ च्या दुरुस्तीत ती सूट आहे. स्वतःच्या कुटुंबाचा धंदा, काम धोक्याचं नको, आणि शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. गरम तेलाजवळ बसायचास की पैसे घ्यायचास, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला ही सूट पटत नाही, कारण घरच्या धंद्यात किती तास झाले ते कोण मोजणार?

लालबागचा_पोरगा: पैसे घ्यायचो. तळायला बाबा हात लावू द्यायचे नाहीत. पण गाडी नसती तर माझी फी भरली गेली नसती, हेही लिहून ठेवा.

शिकवणीवाला_दादर: बरं. उतारा नसताना विद्यार्थ्याने कोरं सोडायचं का? ते तरी सांगा, नुसतं मला धरून काय होणार?

वकीलबाई_गिरगाव: कोरं सोडू नये. दोन वाक्यांत फाटा दाखवावा: 'राजू चौदा वर्षांखालचा आणि काम धोक्याचे असल्यास कलम २४ लागू होते. चौदा पूर्ण असल्यास ते लागू होत नाही, मात्र वेतन किमान वेतनापेक्षा कमी असल्यास किंवा सक्ती असल्यास कलम २३ लागू होते.' तिसऱ्यात मालकाचं नाव धरून न बसता सरकारचं कर्तव्य लिहावं. २३ आणि २४ ही कलमं खाजगी माणसालाही बांधतात, आणि ती पाळली जातात हे बघणं सरकारचं काम. म्हणून आधी कामगार खातं, पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, आणि कोणी हललं नाही तर उच्च न्यायालय.

निवृत्त_मास्तर: मी पेपर तपासलेत. 'असल्यास, नसल्यास' लिहिणाऱ्याला तपासनीस अर्धेच गुण देतो. त्याच्याकडच्या नमुना उत्तरात एकच ओळ असते.

वकीलबाई_गिरगाव: मग तो तपासनीस चुकतो. ज्याने 'होय' असं ठोकून लिहिलं त्याने अंदाज केला, फाटा दाखवणाऱ्याने कलम समजून घेतलं.

निवृत्त_मास्तर: त्याला हे सांगायला तुम्ही तिथे नसता. हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

शिकवणीवाला_दादर: मूळ कागद शोधून काढला, टंकतोय: 'राजूच्या वडिलांनी हॉटेलमालकाकडून दहा हजार रुपयांची उचल घेतली. ती फिटेपर्यंत राजूने हॉटेलात काम करावे असे ठरले. त्याला पगार मिळत नाही, फक्त जेवण मिळते. घरी जायचे म्हटल्यावर मालकाने नकार दिला. राजूचे वय' आणि पुढे कागदाची कड कापली गेलीय. मी फोटो काढतानाच कापली गेली असणार. वयाशिवायच गेला सगळ्यांना. माझं चुकलं.

वकीलबाई_गिरगाव: उचल! मग कलम २३ नक्की, वय काहीही असो. ही वेठबिगारी झाली, १९७६ चा कायदा लागतो आणि ती उचल फेडायची जबाबदारीच संपते. तिसऱ्या प्रश्नात जिल्हाधिकारीही आले. राजूला सोडवायचं आणि मुक्ततेचा दाखला द्यायचा ते त्यांच्या यंत्रणेचं काम. यातलं एक अक्षर तुमच्या पाठ कलमांतून निघालं नसतं. दुसरा प्रश्न मात्र अजून अडकलेलाच आहे, वय मिळेपर्यंत.

भांडुपकर: आणि उचल वडिलांनीच घेतलीय. ते कशाला दाद मागतील?

वकीलबाई_गिरगाव: ते विचारायचं राहिलंच होतं. तक्रार कोणीही करू शकतो, शेजारी, शिक्षक, तुम्ही. पण प्रश्नात 'वडिलांना' का लिहिलंय हे ज्याने प्रश्न काढला त्यालाच माहीत.

परळची_आई: सर, या टंकलेल्या ओळी मुलीने आत्ता ऐकल्या. ती विचारतेय, जेवणाचे पैसे पगारात धरतात का?