'उद्यापासून येऊ नका' असं तोंडीच सांगितलं, तेव्हा तुम्ही लेखी काय केलंत? (अनुभव धागा)

शमा_लिहिते
काल भाचीचा फोन आला. मीटिंगला बोलावून 'आज तुझा शेवटचा दिवस' एवढंच सांगितलं, हातात कागद नाही, 'पत्र नंतर पाठवू' म्हणाले. ऐकताना माझी जुनी नोकरी सुटली तो शुक्रवार जसाच्या तसा आठवला.

१४ तारीख होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रोजेक्ट बंद होतोय, सोमवारपासून येऊ नका म्हणाले. एचआरच्या बाई शेजारी बसल्या होत्या. कार्ड आणि लॅपटॉप तिथेच काढून घेतले. घरी येऊन मी नुसती बसून होते. ताईने समोर बसवून माझ्या खासगी मेलवरून साहेब आणि एचआर दोघांना हे लिहायला लावलं:

"आज, शुक्रवार १४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास एचआर प्रतिनिधींसमोर आपण मला सांगितले की, प्रोजेक्ट बंद होत असल्याने माझी नोकरी आजपासून संपवण्यात येत आहे व सोमवार १७ पासून मी कामावर येऊ नये. मी राजीनामा दिलेला नाही. मी काम करण्यास तयार आहे. वरील तपशिलात काही चूक असल्यास लेखी कळवावे. शेवटचा दिवस, कारण आणि नोटीस काळाचा पगार नमूद केलेले पत्र बुधवार १९ पर्यंत द्यावे."

उत्तर आलं नाही. २० तारखेला मात्र घरी पत्र आलं: 'आपण १७ पासून विनापरवानगी गैरहजर आहात, तीन दिवसांत हजर न झाल्यास नोकरी सोडली असे समजण्यात येईल.' माझे हातपाय गार पडले. ताई म्हणाली, याला उत्तर आजच्या आज जायला हवं. १४ चा मेल जोडला आणि खाली लिहिलं, 'मी आजही हजर होण्यास तयार आहे, कोणत्या वेळी कुणाला भेटू ते कळवावे.' पुढच्या आठवड्यात नीट पत्र आलं. शेवटचा दिवस १४, कारण पद रद्द, नोटीसचा पगार हिशेबात धरलेला.

तुमचे अनुभव लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

कडुनिंब
बापरे. ताईंना नमस्कार सांगा. भाचीला म्हणावं आधी पोटभर जेव, मग मेल लिही. पण आजच लिही.

दप्तरदार
मी बरीच वर्षं एचआरमध्ये होतो, म्हणजे ही पत्रं काढणाऱ्यांच्या बाजूला. शमाताई, तुमच्या मेलमधलं सगळ्यात कामाचं वाक्य 'मी राजीनामा दिलेला नाही, काम करण्यास तयार आहे' हे. कागद नसेल तर मागाहून दोनच गोष्टी सांगितल्या जातात: माणूस स्वतः सोडून गेला, किंवा न सांगता यायचा बंद झाला. दोन्हींत नोटीसचा पगार बुडतो आणि अनुभवाच्या दाखल्यावर डाग लागतो.

कारणाचंही तसंच. बैठकीत 'काम कमी झालंय' म्हणतात आणि महिन्याभराने फाइलमध्ये 'कामगिरी असमाधानकारक' येतं. ज्यांनी त्याच दिवशी ऐकलेलं कारण जसंच्या तसं लिहून पाठवलं, त्यांच्या बाबतीत असं फिरवणं अवघड जायचं, हे मी आतून पाहिलंय. म्हणून कारण आपल्या शब्दांत सजवू नका. त्यांनी जे शब्द वापरले तेच लिहा. कारण सांगितलंच नसेल तर 'विचारूनही कारण सांगितले नाही' असं लिहा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १६६ क्रमांकाच्या शिफारशीत हेच आहे: काढण्याचा निर्णय लेखी कळवावा, आणि कामगाराने मागितली तर कारणंही लेखी द्यावीत. ती शिफारस आहे, बंधन नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. जर्मनीत तर तोंडी काढणं वैधच नाही, मेलही चालत नाही, सही केलेला कागदच लागतो.

ओंकार_धावतो
एवढं कशाला? मी साहेबांना व्हॉट्सअॅपवर टाकलं, निळी खूण आली, विषय संपला. उत्तर नाही म्हणजे मान्य.

दप्तरदार
ओंकार, व्हॉट्सअॅप वाईट नाही, पण निळ्या खुणेने फक्त उघडल्याचं कळतं. गप्प राहिले म्हणजे कबूल केलं असं होत नाही. तुमच्या मेसेजचं बळ एवढंच की तो त्याच दिवशीचा आहे आणि तेव्हा कुणी खोडून काढला नाही. त्यांच्याकडूनच शब्द मिळाले तर फार बरं. 'सर, सांगितल्याप्रमाणे उद्यापासून यायचं नाही ना?' असं विचारा. नुसतं 'हो' आलं तरी मोठं काम झालं. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद करा आणि चॅट बाहेर काढून ठेवा.

ओंकार_धावतो
ओके, हे माहीत नव्हतं. चॅट आहे का बघतो, फोन बदललाय मधे 😟

सायली_मोगरा
आम्हाला घरमालकांनी असंच तोंडी सांगितलंय, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करा म्हणून. त्यांनाही असा मेल करू का? काका वयस्कर आहेत, मेल बघत नाहीत.

कडुनिंब
सायली, इथे नोकरीचं चाललंय गं. पण कागदावर लिही, दोन प्रती काढ, एकीवर त्यांची 'मिळाले' म्हणून तारखेसह सही घे. आणि आधी भाडेकरार वाच.

उंबरठा
दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा छोटा व्यवसाय आहे, एका मुलाला कमी करावं लागलं. समोर बसून बोलले, कारण मीच सांगायला हवं असं वाटलं. त्याच संध्याकाळी पत्र दिलं: 'आज आपल्याशी बोलल्याप्रमाणे...' बोलताना जे कारण सांगितलं तेच पत्रात घातलं, एकही नवीन नाही. पत्रावर त्या दिवशीचीच तारीख. हिशेबनीस म्हणत होते मागची तारीख टाकू, म्हणजे नोटीस आधीपासून धरता येईल. मी नाही म्हटलं. तो मुलगा अजून सणावाराला फोन करतो.

एक शंका आहे. तोंडी सोमवारी सांगितलं आणि पत्र गुरुवारी दिलं, तर नोटीस कधीपासून मोजायची?

दप्तरदार
नेमणुकीच्या पत्रात 'लेखी नोटीस' म्हटलं असेल तर मी पत्र मिळाल्यापासून मोजायचो. तसं काही लिहिलेलं नसेल तर मात्र वाद होतो. मी दोन्ही तऱ्हेने सुटलेली प्रकरणं पाहिलीत.

नवीन_पान
माझं मत वेगळं आहे. तोंडी सांगितलं तर लिहूच नये, दुसऱ्या दिवशी सरळ कामावर जावं. गेटवर अडवलं की तोच पुरावा.

शमा_लिहिते
माझं तर कार्डच काढून घेतलं होतं. आणि गेटवर अडवल्याची नोंद ठेवणार कोण? जायचं तर जा, पण कुणी, किती वाजता अडवलं ते लगेच लिहून पाठवा.

पावसाळी_ढग
लॅपटॉपवरून आठवलं. आमच्याकडे एकाकडून लॅपटॉप घेतला, पोच दिली नाही, महिन्याने वसुलीचं पत्र! माझी वेळ आली तेव्हा मी तिथल्या वहीचं पान मागून घेतलं, त्यावर मशीनचा नंबर, चार्जर, तारीख, वेळ लिहून सुरक्षारक्षकाची सही घेतली. दादा बिचारे घाबरत होते. म्हटलं, फक्त 'मिळाले' एवढंच लिहा.

आणि ऑफिसचा मेल त्याच तासाला बंद होतो. आपली नेमणूक आणि पगाराची पत्रं आधीपासून घरी ठेवा. क्लायंटच्या फाइल्स मात्र अजिबात पाठवू नका, त्यावरूनच गैरवर्तनाचा ठपका बसतो.

कडुनिंब
माझ्या दिरांना पत्र दिलं त्यात 'स्वेच्छेने' शब्द होता, आणि सही करा म्हणून मागे लागले होते. सही नाकारायची का अशा वेळी?

दप्तरदार
नाकारली तर 'पत्र घेण्यास नकार' अशी नोंद होते. सही करताना बाजूला स्वतःच्या हाताने लिहायचं: 'फक्त मिळाले, मजकूर मान्य नाही', तारीख, वेळ. मग लगेच फोटो काढायचा. दिरांनी सही केली का?

कडुनिंब
केली 😔 नुसतीच. गेल्याच आठवड्यात.

दप्तरदार
मग आज मेल पाठवायला सांगा. सही कुठल्या परिस्थितीत झाली, समोर कोण होतं, आधी तोंडी काय सांगितलं होतं, सगळं तारखेसह. उशीर जितका होईल तितकं त्याचं वजन कमी. कितपत उपयोग होईल सांगता येत नाही, पण कामगार वकिलाकडे जाताना हातात काहीतरी असेल.

कडुनिंब
कुकर झाला की बसवतेच त्यांना.