पोस्टपेडचं प्रीपेड (किंवा उलट) केलंय का कोणी? आधी काय काय मिटवलंत?

बाबा रिटायर झाले, घरात वायफाय आहे, तरी ३९९चा पोस्टपेड चालूच, जीएसटी धरून ४७० च्या वर जातात. कंपनी तीच ठेवून प्रीपेड करायचंय. अनुभव लिहा, उलट्या बाजूचेही चालतील.

दुकानवाला दादा: रिचार्जचं दुकान आहे, हे रोज बघतो. कंपनी तीच असेल तर ओटीपीवर होतं, नवीन कागद लागत नाहीत. पण आलेलं बिल भरलं म्हणजे सुटलो असं नाही हो, न निघालेलं बिल मागे असतंच. समजा सायकल ५ तारखेची आणि तुम्ही १७ला बदललं, तर १२ दिवसांचं भाडं साधारण १६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८८ च्या आसपास. हे बिल नंतर येतं आणि तोवर बाबा बिलाचे मेसेज बघायचे बंद झालेले असतात. जुनी बिलं आधीच डाउनलोड करा, माझ्या बऱ्याच गिऱ्हाईकांना नंतर ॲपमध्ये ती दिसेनाशी झाली.

सांगलीकर: एकदा बदललं की ९० दिवस अडकलात, लक्षात ठेवा.

दुकानवाला दादा: पूर्वी होतं तसं. जून २०२५ पासून पहिल्या बदलाला ३० दिवस, त्यानंतर पुन्हा बदलायचं तर ९०. त्याआधीच हवं असेल तर दुकानात जाऊन नव्याने केवायसी.

मेघना_ठाणे: मी पोर्टच केलं, १९०० ला मेसेज टाकून. ड्यू डेट उलटलेलं बिल बाकी होतं म्हणून रिक्वेस्ट फेटाळली, ते भरून परत कोड घेतला. तो ४ दिवसच चालतो, म्हणून आधी बिल, मग मेसेज.

मूळ प्रश्नकर्ता: ताई आम्हाला कंपनी नाही बदलायची 🙂 पण कामाला येईल कोणाच्या तरी.

नाना: ऑटोपेचं कोणीच बोललं नाही. आमच्याकडे नंबर प्रीपेड झाला पण यूपीआयवरचं मॅंडेट तसंच होतं. शेवटचं बिल त्यातून जाऊ दिलं आणि मग काढलं, आधी काढलं असतं तर ते बिल थकलं असतं. डिपॉझिट मात्र मागून मागून घेतलं. ४५ दिवसांत परत द्यायचा नियम आहे, उशीर झाला तर वर्षाला १० टक्के व्याज, हे कस्टमर केअरला ऐकवलं तेव्हा कुठे हालचाल झाली. पावती नव्हती, पण पहिल्या बिलावर रक्कम छापलेली होती ती चालली.

दुकानवाला दादा: नाना बरोबर. काही ठिकाणी डिपॉझिट शेवटच्या बिलातच वळतं करतात, मग उरलेलंच हातात येतं, ते आधी विचारून घ्या.

स्वाती: आमचा फॅमिली प्लॅन आहे, मुख्य नंबर सासऱ्यांचा, आमचे दोघांचे त्याला जोडलेले. फक्त त्यांचाच प्रीपेड केला तर आमचं काय होतं? कस्टमर केअरवर दोघांनी दोन उत्तरं दिली. कोणी केलंय का असं?