शब्दचर्चा : ‘संवलन’ की ‘घडी’?

अनुवादक : अवकल समीकरणांवरील एका प्रकरणाचे मराठीकरण करताना एका शब्दापाशी अडलो आहे. y″ + 4y = f(t) या समीकरणात y(0) = y′(0) = 0 धरून लाप्लास रूपांतर घेतले की Y(s) = F(s) · 1/(s² + 4) मिळते आणि त्या गुणाकारावरून मूळ लेखक f कोणतेही असले तरी चालेल असे उत्तर लिहितो :

y(t) = ½ ∫₀ᵗ sin 2(t−τ) f(τ) dτ

या क्रियेला ‘संवलन’ म्हणावे, तर वाचक ते ‘संकलन’ असे वाचतात. दुसरा शब्द सुचवावा.

विद्यार्थी : सरळ ‘गुणाकार’ म्हणावे. s मध्ये गुणाकार आहे, म्हणजे दोन्ही घटकांची व्यस्त रूपांतरे काढून ती गुणली की झाले.

निवृत्त प्राध्यापिका : s मध्ये गुणाकार आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण t मध्ये तो गुणाकार उरत नाही. f = 1 घेऊन पाहा. आपल्या रीतीने y = ½ sin 2t येते; ते समीकरणात घातले तर −2 sin 2t + 2 sin 2t, म्हणजे शून्य मिळते, आणि आपल्याला तर 1 हवे आहे. वरच्या सूत्राने y = (1 − cos 2t)/4 येते; त्याचे y″ = cos 2t आणि 4y = 1 − cos 2t, त्यामुळे बेरीज बरोबर 1 होते. τ या क्षणी दिलेल्या धक्क्याचे वय t या क्षणी t−τ असते, म्हणून सर्वांत जुन्या धक्क्यासमोर प्रतिसादाची सर्वांत पुढची किंमत येते. कागदाची पट्टी मधोमध दुमडावी तशी ही मांडणी आहे, आणि जर्मन भाषेत या क्रियेला ‘फाल्टुंग’, म्हणजे ‘घडी’च, म्हणतात. मला तोच शब्द जवळचा वाटतो.

अभियंता : माझी स्प्रिंग सुरुवातीलाच 2 सेंमी ताणलेली होती आणि या सूत्राने t = 0 ला उत्तर शून्य आले. मग ‘कोणतेही f’ हा दावा खरा कसा मानायचा?

निवृत्त प्राध्यापिका : दावा f पुरता आहे, प्रारंभिक अटींपुरता नाही. आपल्या उदाहरणात 2 cos 2t हे पद वेगळे मिळवावे लागेल, आणि सुरुवातीला वेगही असेल तर ½ y′(0) sin 2t हेसुद्धा. मात्र स्प्रिंगचा ताठरपणाच काळाबरोबर बदलत असेल, तर प्रतिसाद केवळ t−τ वर अवलंबून राहत नाही आणि हे सूत्र लागू पडत नाही.

संस्कृतच्या अभ्यासक : ‘संवलन’ टाकून देऊ नये असे मला वाटते, कारण ‘वल्’ या धातूत वळणे आहे आणि ‘संवलित’ म्हणजे मिसळलेले, या क्रियेत दोन्ही घडते. उलट ‘घडी’ म्हणजे घटिकाही, आणि जिथे t हाच काळ आहे तिथे ‘f ची घडी’ हे वाचकाने कोणत्या अर्थाने वाचावे?

अनुवादक : ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. तूर्त ‘संवलन’ ठेवतो आणि पहिल्याच उदाहरणाशेजारी दुमडलेल्या पट्टीची आकृती देतो. ‘संकलन’शी होणारी गल्लत मात्र त्याने टळेलच असे नाही, त्यामुळे अन्य शब्द सुचल्यास जरूर कळवावा.